राजीनाम्याची मेल आणि काट्यावरची उलटी वजनं

एम.टेक.ची जागा मिळाली तरी लगेच राजीनामा दिला नाही. प्रवेशाच्या पोर्टलवर `Accept and Freeze` केलं की पुढच्या फेऱ्यांतून आपण बाहेर पडतो, म्हणजे जागा पक्की. ते बटण दाबलं, आणि मगच कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात मेल लिहायला बसलो. तारीख १० जून.

इंग्रजीत तीनदा लिहून खोडलं. आभाराची वाक्यं कुणालाही पाठवता येतील अशी होत होती. शेवटी मराठीत लिहिलं:

“सर, नमस्कार. एम.टेक.साठी मुंबईच्या आयआयटीत प्रवेश मिळाल्यामुळे मी राजीनामा देत आहे. तीस दिवसांच्या नोटिशीप्रमाणे १० जुलै हा माझा शेवटचा दिवस असेल. पहिल्या हंगामात माझ्या चुकीनं काटा अडला, तेव्हा रात्री दोनला तुम्ही स्वतः गाडी काढून आलात आणि ताटकळलेल्या शेतकऱ्यांपुढं माझं नाव घेतलं नाही. ते मी विसरलेलो नाही. शेवटच्या आठवड्यात माझं लॉगिन बंद करावं, म्हणजे काय राहिलंय ते मी असतानाच कळेल. येत्या हंगामाचा पहिला महिना दर रविवारी संध्याकाळी फोनवर उपलब्ध राहीन.”

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. “महिन्याला किती देतात रे तिथं?”

“बारा हजार चारशे, सर.”

“घरी चालतंय न्हवं?” म्हणाले, आणि थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “लॉगिन बंद करायचं मात्र झकास सुचलं बघ तुला.”

आमचं सॉफ्टवेअर साखर कारखान्यांच्या वजनकाट्यावर चालतं. उसाची गाडी काट्यावर चढली की वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरमधून ते सिरियल केबलनं कॉम्प्युटरवर येतं. भरलेल्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा झालं की शेतकऱ्याची पावती निघते. जून-जुलैत गाळप बंद असतं, त्यामुळं हे काम सोपवायला याहून चांगला काळ नाही. नोव्हेंबरात सोडून गेलो असतो तर ते मला बरोबर वाटलं नसतं.

तीन आठवडे मी वही भरल्यासारखी माहिती लिहीत होतो. माझ्या जागी आलेली मुलगी प्रत्येक पान वाचून प्रश्न विचारायची. सगळं लिहून झालं असं मला मनापासून वाटत होतं.

३ जुलैला संध्याकाळी तिनं माझं लॉगिन बंद केलं. सकाळी आल्या आल्या म्हणाली, “दादा, काल रात्रीची बॅकअप फाइल नाही.” रात्री एक वाजता चालणारं ते काम चार वर्षांपूर्वी मी माझ्याच नावानं लावलं होतं. खातं बंद झालं आणि काम गुपचूप थांबलं. कुठं घंटा नाही, कुठं लाल अक्षर नाही. डिस्क बिघडून जुनी माहिती परत आणायची वेळ येईपर्यंत कुणाला पत्ताही लागला नसता. त्या कामासाठी वेगळं खातं काढलं, तासाभरात निभावलं.

दुपारचा प्रकार जास्त गंभीर होता. ऑफिसात एका कारखान्याचा जुना इंडिकेटर चाचणीसाठी आणलेला होता. तिनं माझ्या पानांवरून नव्या कॉम्प्युटरवर सगळं बसवलं. मी हात मागं बांधून शेजारी बसलो, कीबोर्डला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. इंडिकेटरवर १८,६४० किलो, आणि स्क्रीनवर ४,६८१.

हा इंडिकेटर आकडे उलटे पाठवतो: 18640 चं 04681. जुन्या कॉम्प्युटरवरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मी पहिल्याच वर्षी एक ओळ घातली होती:

```
reverse=1
```

ती ओळ माझ्या पानांत कुठंच नव्हती. माझ्या लेखी ती त्या काट्याचाच भाग झाली होती.

ती म्हणाली, “ट्रॅक्टर तरी ओळखू येईल, दादा. बैलगाडीचं काय?” आम्ही कागदावर मांडून बघितलं. काटा दहा-दहा किलोनं मोजतो, म्हणून शेवटचा आकडा कायम शून्य. उलटला की तोच पुढं येतो, आणि कितीही मोठी गाडी दहा हजारांच्या आत दिसते. भरलेला ट्रॅक्टर म्हणूनच पटकन सापडतो. पण भरलेल्या बैलगाडीचे २,३१० किलो उलटले की १,३२० होतात. आकडा खोटा वाटत नाही. पावती निघाली असती आणि एका खेपेला भरलेल्या वजनातले ९९० किलो गेले असते, तेही सगळ्यात लहान शेतकऱ्याचे. माझ्या अंगावर काटा आला.

ओळ पानांत चढवली, प्रत्येक कारखान्याच्या काट्याची सेटिंग फाइल मागवून घेतली, आणि तशी आणखी एक सापडली.

निघायच्या दिवशी मी ती पानं पुन्हा उघडून पाहिली. माझ्या मजकुराच्या वर, पहिल्याच पानावर तिनं काटेवाल्यांसाठी लिहिलं होतं: “हंगाम सुरू करताना शंभर किलोची ज्ञात वजनं काट्यावर ठेवा. स्क्रीनवर शंभर दिसल्याशिवाय पहिली गाडी चढवू नका.”

शंभर पाच आकड्यांत 00100 असे येतात, आणि उलटले तरी 00100 च राहतात, म्हणजे चूक कळणारच नाही. मी तिला दाखवलं. तिनं लगेच शंभरचे एकशेवीस केले.