दाराची दुसरी फळी

बावीस जणांच्या गटासाठी एका संग्रहालयातील मार्गदर्शित फेरी आणि त्यानंतर छोट्या सभागृहातील चाळीस मिनिटांचा माहितीपट असा कार्यक्रम मी ठरवत होते. वेळ निश्चित करणाऱ्या पत्रात मी "गटात दोन व्हीलचेअर आहेत" एवढेच लिहिले होते आणि त्यावर "सोय आहे" असे दोन शब्दांचे उत्तर आले. चौकशी केल्यावर कळले की ही सोय म्हणजे मुख्य दाराशी असलेला उतार होता. तिथल्या बाईंनी खोटे काहीच सांगितले नव्हते, मीच अर्धवट विचारले होते.

मग मी दोन्ही खुर्च्यांची मापे घेऊन पुन्हा फोन केला. त्यांपैकी बॅटरीवर चालणारी खुर्ची 26 इंच रुंद होती, आणि माणसासह तिचे वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास जात असल्यामुळे एखाद्या पायरीवर चौघांनी ती उचलून घेणे शक्य नव्हते. प्रवेशद्वारापासून सभागृहातील जागेपर्यंत सर्वांत अरुंद जागा कोणती, हे मोजून सांगण्याची मी विनंती केली. बाई फोन चालू ठेवूनच टेप घेऊन गेल्या. सभागृहाचे दार दोन फळ्यांचे होते आणि उघडणाऱ्या एका फळीतून 27 इंच मोकळी जागा मिळत होती. सरळ जायचे असते तर एवढ्यातून खुर्ची कशीबशी गेली असती, पण तिथे अरुंद बोळातून काटकोनात वळून आत शिरायचे होते. दुसऱ्या फळीची वरची कडी रंगाच्या थरांखाली घट्ट बसलेली होती. आमच्या हाती आठ दिवस होते म्हणून सुतार बोलावून ती मोकळी करता आली; त्या दिवशी सकाळी हे कळले असते तर काहीच करता आले नसते.

आसनांविषयी मात्र मी लेखी कळवले. बॅटरीच्या खुर्चीतील गृहस्थ खुर्चीतच बसून राहणार होते, म्हणून दुसऱ्या रांगेच्या टोकाच्या दोन खुर्च्या काढून जागा करावी आणि त्यांच्या पत्नीची खुर्ची लगतच असावी, मागच्या रांगेत नव्हे, असे मी स्पष्ट लिहिले. दुसऱ्या व्हीलचेअरमधील आजी साध्या खुर्चीत बसणार होत्या, त्यांच्यासाठी हातांची भक्कम खुर्ची मागितली.

फेरीच्या दिवशी दोन्ही फळ्या उघड्या होत्या, बॅटरीची खुर्ची एका वळणात आत गेली आणि जागाही सांगितल्याप्रमाणे होत्या. एक गोष्ट मात्र माझ्याकडून सुटली होती. आजी बसल्यावर त्यांची रिकामी व्हीलचेअर वाटेत नको म्हणून मदतनिसाने सद्भावनेने बाहेर नेऊन ठेवली, आणि अंधारात त्यांना स्वच्छतागृहात जायचे झाले तेव्हा ती हाताशी नव्हती. खुर्चीचा हात घट्ट धरून त्या दाराकडे पाहत राहिल्या. मी धावत जाऊन व्हीलचेअर आणली, पण त्या चार-पाच मिनिटांबद्दल त्यांनी माझीच क्षमा मागितली, ते मला अजून लागून राहिले आहे. आता माझ्या पत्रात "रिकामी व्हीलचेअर बसणाऱ्याच्या शेजारीच राहील" हे वाक्य आसनांच्या मागणीच्या लगेच खाली असते.