डोक्यावरून ओघळणारं लाल दूध

आमच्या प्राणिसंग्रहालयाच्या वायरलेसवर निरोप आला, "फ्लेमिंगोंच्या तळ्यावर या लवकर, एक पक्षी दुसऱ्याचं डोकं फोडतोय. रक्त वाहतंय." मी पोचलो तेव्हा कठड्यापाशी गर्दी दाटली होती आणि एक लहान मुलगी रडत होती. मातीच्या घरट्यावर एक मादी बसलेली, तिच्या पंखाखालून पिल्लाचं करडं डोकं बाहेर आलेलं. तिच्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या पक्ष्याने मान वाकवून चोच बरोबर तिच्या डोक्यावर धरली होती आणि चोचीच्या टोकातून गडद लाल द्रव तिच्या डोक्यावरून, मानेवरून खाली ओघळत होता.

वरिष्ठांचा आदेश तयारच होता: "त्या हल्लेखोराला आधी पकडून वेगळा करा." मी म्हटलं, "सर, मला पाच मिनिटं द्या. जाळं घेऊन आत कोणीही जाऊ नका." फ्लेमिंगोला पकडणं म्हणजे किती मोठी जोखीम आहे, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. धावपळीत ते लांब पाय मोडतात. नुसत्या पळण्याच्या ताणाने स्नायू निकामी होऊन पक्षी पुढच्या काही दिवसांत मरू शकतो. शिवाय वसाहत एकदा बिथरली की शेजारची घरटीही सोडून दिली जातात. जोडी एकच अंडं घालते आणि ते उबवायला जवळपास चार आठवडे लागतात. म्हणून आधी दुर्बीण.

भांडणारे फ्लेमिंगो ओळखता येतात. पाठीवरची पिसं फुलतात, आवाज चढतो, चोच झटक्याने पुढे येते आणि समोरचा मागे सरतो. इथे मादी जागची हलत नव्हती. उभ्या पक्ष्याची चोच स्थिर होती, फक्त गळ्याखाली लाटेसारखी हालचाल दिसत होती. आणि पिल्लू ओरडत होतं, भुकेल्या पिल्लाचा तो न थांबणारा आवाज. ते रक्त नव्हतं. दूध होतं.

कबुतरांचं दूध अनेकांनी ऐकलेलं असतं. ते म्हणजे गळ्याच्या पिशवीच्या अस्तरातल्या चरबीने भरलेल्या पेशी गळून झालेला दह्यासारखा चोथा. फ्लेमिंगोचं दूध पातळ असतं. अन्ननलिकेपासून जठराच्या वरच्या भागापर्यंतच्या अस्तरातल्या ग्रंथींतून ते पाझरतं. त्यात 15 टक्क्यांच्या आसपास चरबी आणि 9 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. ते नर आणि मादी दोघंही देतात. माणसाच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं जे संप्रेरक आईच्या दुधामागे असतं, तेच इथेही काम करतं. पिल्लाची चोच सुरुवातीला सरळ असते. पाणी गाळून खाण्याची वाकडी, जाळीदार चोच पूर्ण कामाला लागायला अडीच-तीन महिने लागतात. तोपर्यंत पिल्लू मुख्यतः याच दुधावर वाढतं.

तरीही मला पुरावा हवा होता, कारण गर्दीतल्या पाच-सहा जणांनी मोबाइलवर चित्रण केलं होतं आणि "पक्षी रक्तबंबाळ, कर्मचारी बघत उभे" हा मथळा मला आधीच दिसत होता. घरट्याच्या कडेला गळलेल्या एका पिसावर तो द्रव पडला होता. लांब काठीने ते पीस ओढून आमच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त असतं तर ते एव्हाना गोठून काळपट झालं असतं. हे तेलकट राहिलं होतं आणि पांढऱ्या कागदावर नारिंगीकडे झुकणारा डाग पडला. सूक्ष्मदर्शकाखाली तर प्रश्नच उरला नाही. पक्ष्यांच्या लाल रक्तपेशी लंबगोल असतात आणि त्यांना केंद्रक असतं, त्यामुळे त्या चटकन ओळखू येतात. रक्ताच्या थेंबात त्या खच्चून भरलेल्या दिसल्या असत्या. इथे चरबीचे गोळे होते आणि रक्तपेशी एखाद-दुसरी.

मग लाल रंग कुठून आला? पिसं ज्यामुळे गुलाबी होतात, त्याच कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांतून. पक्ष्याला ती स्वतः बनवता येत नाहीत. निसर्गात ती शैवालातून आणि शैवाल खाणाऱ्या बारीक कोळंबीसारख्या जीवांतून मिळतात. यकृत त्यांच्यात फेरफार करतं आणि मग ती चरबीबरोबर रक्तातून फिरतात. नवं पीस फुटत असताना पिसात उतरतात, अंड्याच्या बलकात जातात आणि दुधातही येतात. दुधाला लाल करणारं मुख्य द्रव्य कॅन्थॅझॅन्थिन, आणि आम्ही तेच खाद्याच्या गोळ्यांत घालतो. जुन्या काळी प्राणिसंग्रहालयांतले फ्लेमिंगो पांढरे पडायचे, कारण त्यांच्या खाण्यात हे नसायचं. आमच्या फलकावर "कोळंबी खाल्ल्याने गुलाबी" एवढंच लिहिलंय. दुधाबद्दल एक ओळही नाही. ती असती, तर त्या मुलीला कोणीतरी जागच्या जागी समजावलं असतं.

हे इथेच संपलं असतं. पण दुर्बिणीतून मी उभ्या पक्ष्याच्या पायातल्या कड्याचा क्रमांक वाचला होता. तो त्या मादीचा जोडीदार नव्हता. शेजारच्या घरट्यातला तो नर होता, ज्याचं अंडं काही दिवसांपूर्वी फुटलं होतं. खरा जोडीदार तळ्यात चरत होता. स्वतःचं पिल्लू नसलेले प्रौढही पिल्लाची हाक ऐकून दूध देऊ लागतात, हे पाळीव थव्यांत पाहिलं गेलेलं आहे. पण इथे पिल्लू परकं, त्यावर परकी मादी बसलेली, आणि हा चोच तिच्या डोक्यावर धरून उभा. बहुतेक दूध तिच्या पिसांवर वाया गेलं. काही थेंब मानेवरून घसरले, तेव्हा पिल्लाने चोच वर केली आणि ते घेतले. याला भरवणं म्हणायचं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही.

काही आठवड्यांत मादी आणि तिचा जोडीदार फिकट झाले. पिल्लं वाढवताना आईबाप नेहमीच फिकटतात, कारण बरीचशी रंगद्रव्यं दुधातून पिल्लाकडे जातात. पिल्लू मात्र करडंच राहतं. पूर्ण गुलाबी व्हायला त्याला दोन-तीन वर्षं लागतात. वरिष्ठांनी सांगितलं, "लोक तक्रार करतात, पक्षी आजारी दिसतात म्हणून. गोळ्यांत रंग वाढवा." मी नकार दिला आणि तो लेखी दिला. वाढ पूर्ण झालेलं पीस मृत असतं. रक्तातलं द्रव्य त्यात शिरत नाही. आज रंग दुप्पट केला तरी ती पिसं तशीच राहतील. वरून रंग चढतो तो शेपटीजवळच्या ग्रंथीतल्या तेलाने, जे पक्षी स्वतः पिसांना चोळतात. पण ते विणीच्या आधी होतं. पिल्लं भरवताना ते मागे पडतं, आणि आधी चढलेला रंगही उन्हाने उडतो. खाद्यातल्या रंगाला महत्त्व आहे ते पिसं गळून नवी फुटताना. मी मागितलं तेही एवढंच: पिल्लू दूध सोडू लागलं की पिसं बदलून होईपर्यंत कॅन्थॅझॅन्थिनच्या मात्रेत खंड पडू नये. खरेदीच्या फाइली नेमक्या त्याच वेळी अडकतात, आणि मग पुढच्या पिसबदलापर्यंत थवा फिका दिसतो.

तो शेजारचा नरही फिकटलाय, असं मला वाटतं. पण वाटणं पुरेसं नाही. त्याच्या मानेचे आणि पंखाचे फोटो एकाच रंगपट्टीशेजारी धरून मी दर आठवड्याला काढतोय. त्याने खरंच नेमाने दूध दिलं असेल, तर त्याचा रंग त्या जोडीइतकाच उतरेल. अंडं फुटलेल्या इतर नरांचा तितका उतरणार नाही. डॉक्टरांच्या मते त्या एका दिवसाशिवाय त्याने पुन्हा भरवलं नसावं. मी मात्र त्याला नंतरही त्या घरट्यापाशी मान वाकवून उभं राहिलेलं पाहिलंय.