उबवणीच्या पेटीची नोंद: व्होल्टेज चढले की पोल कुठे सरकतात

कोंबडीची अंडी उबवण्यासाठी बनवलेल्या पेटीत हवा 37.5 अंश सेल्सिअसवर स्थिर ठेवायची आहे. कंट्रोलर सध्या केवळ प्रपोर्शनल आहे, म्हणजे तापमान जितके कमी पडेल त्या प्रमाणात तो हीटरच्या कॉइलला वीज देतो. कॉइल तापायला, हवा तापायला आणि पत्र्याच्या नळीत बसवलेल्या सेन्सरला ते कळायला वेगवेगळा उशीर लागतो. हिशेब सोपा राहावा म्हणून मी तिन्ही उशीर एकेक मिनिटाचे धरले आहेत. त्यामुळे संपूर्ण लूपचे ट्रान्सफर फंक्शन K/(s+1)^3 असे येते, ज्यात K म्हणजे लूपचा एकूण गेन आणि काळ मिनिटांत मोजला आहे.

फीडबॅक जोडल्यावर पोल, म्हणजे झोके विरतील की वाढतील हे ठरवणारी s ची मूल्ये, (s+1)^3 + K = 0 या समीकरणातून मिळतात. एक पोल वास्तव अक्षावर डावीकडे दूर जातो, तर उरलेली जोडी K वाढवत नेल्यास उजवीकडे सरकत K = 8 ला काल्पनिक अक्षावर येते. तेथे s = ±j1.73 असल्यामुळे तापमान सुमारे 3.6 मिनिटांच्या आवर्तनाने झुलत राहते, आणि त्यापुढे झोके वाढत जातात.

आमच्याकडे संध्याकाळी शेतातले पंप सुरू असताना व्होल्टेज 190 पर्यंत उतरते, आणि रात्री ते 230 वर येते. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे K सुद्धा जवळजवळ 1.47 पट होतो. संध्याकाळी K = 6 ठेवल्यास पोल -0.09±j1.57 वर असतात आणि झोके हळूहळू विरतात. रात्री तोच K सुमारे 8.8 होतो आणि पोल +0.03±j1.79 वर जातात. वास्तव भाग इतका लहान असल्याने झोका दुप्पट व्हायला वीस-बावीस मिनिटे लागतात. म्हणून थर्मामीटरवर एकदोनदा नजर टाकून हा बिघाड कळत नाही, तर तासभर नोंदी घेऊन लागोपाठच्या शिखरांची उंची ताडून पाहावी लागते. हे झोके अमर्याद वाढत नाहीत, कारण कॉइल पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद झाली की रेषीय समीकरण लागू राहत नाही आणि तापमान ठरावीक मर्यादेत झुलत राहते. आलेखावर असा न विरणारा झोका दिसला, तर पोल उजव्या बाजूला गेले असावेत, असे मी मानतो.

K कमी ठेवावा, तर दुसरी अडचण उभी राहते. बाहेर 17.5 अंश असताना लागणाऱ्या 20 अंशांपैकी 1/(K+1) इतका भाग कायम कमी पडतो, म्हणजे K = 6 असतानाही पेटी सुमारे 34.6 अंशांवरच थांबते. म्हणून आता इंटिग्रल, म्हणजे साठत गेलेल्या तुटीनुसार वीज देणारा भाग, जोडत आहे. त्याचा वेळ एक मिनिट ठेवला की कंट्रोलर K(s+1)/s होतो, एक उशीर कटतो आणि समीकरण s(s+1)^2 + K = 0 उरते. यात स्थैर्याची मर्यादा 8 वरून 2 वर येते, पण कायमची तूट शून्य होते. K = 0.25 ला जोडी -0.29±j0.30 वर बसते आणि चढलेल्या व्होल्टेजमुळे K 1.47 पट झाला असे धरले तरी तो 2 पासून बराच दूर राहतो, म्हणून पुढची चाचणी याच मूल्यावर घेणार आहे.