तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोतली मेंदी बोटाभोवती कशी वळते

"नवरीच्या हातावर मेंदीच नाहीये, फोटोत नंतर काढून देता येईल का? आणि ती स्टिकर चिकटवल्यासारखी तर दिसणार नाही ना?"

देता येते. कशी दिसेल, हे मात्र नक्षी किती सुंदर आहे यावर फारसं ठरत नाही. ती बोटाच्या कडेला जाताना किती आक्रसते, यावर ठरतं.

कोथरूडच्या एका मुलीच्या अल्बमचंच उदाहरण घेते. मैत्रिणीच्या लग्नात तिने झटपट काळी होणारी मेंदी लावली होती आणि मनगटावर फोड आले. अशा काळ्या मेंदीत बऱ्याचदा केस रंगवायच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची एकदा ॲलर्जी झाली की ती सहसा जन्मभर राहते. स्वतःच्या लग्नात तिने कोनच हातात घेतला नाही आणि ते शहाणपणाचंच केलं. पण एका फोटोवर तिच्या आईचा जीव होता. डावा हात मांडीवरच्या पैठणीवर टेकलेला, पंजाची मागची बाजू वर, बोटं कॅमेऱ्याकडे, मनगटात हिरवा चुडा, अनामिकेत अंगठी. "एवढ्या एका फोटोत तरी मेंदी दिसू दे," असं त्यांचं म्हणणं होतं.

नक्षी मी नेटवरून उचलत नाही. तुळशीबागेच्या बाजूला मेंदी काढायला बसणाऱ्या एका ताईंकडून पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने काढून घेते. त्यांना हाताचा आकार गिरवून द्यायचा नाही, प्रत्येक पेरासाठी वेगळी पट्टी आखून द्यायची. आणि पट्टीची रुंदी फोटोत बोट दिसतं तेवढी ठेवायची नाही, दीडपटीहून थोडी जास्त ठेवायची.

कारण सोपं आहे. बोट म्हणजे लाटणं धरा. समोरून आपल्याला त्याचा अर्धा घेर दिसतो आणि अर्धा घेर दिसणाऱ्या रुंदीच्या 1.57 पट असतो. म्हणजे फोटोत बोट 100 पिक्सेल रुंद असेल, तर त्यावर 157 पिक्सेलची नक्षी मावली पाहिजे. शंभराची नक्षी शंभरावर ठेवली की प्रत्येक पाकळी कडेपर्यंत तेवढीच रुंद राहते, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी खटकतं.

ती 157 ची पट्टी शंभरात बसवायची, पण सगळीकडे सारखी दाबून नाही. पट्टीचे उभे चार सारखे भाग करा, प्रत्येकी साधारण 39 पिक्सेलचे. मधले दोन भाग बोटावर 35-35 पिक्सेल घेतात, कडेचे दोन फक्त 15-15. मध्यावर नक्षी जवळजवळ जशीच्या तशी राहते आणि कडेला निम्म्याहून बारीक होते. फोटोशॉपमध्ये `Edit > Transform > Warp` घेऊन जाळीत तीन उभ्या रेघा टाकल्या की हे हाताने करता येतं. प्रत्येक पेर वेगळ्या लेयरवर ठेवायचं. अख्ख्या बोटाला एकच जाळी लावली, तर सांध्यापाशी नक्षी गोळा होते.

आता आडव्या पट्ट्या. मेंदीत बोटाभोवती बांगडीसारख्या रेषा असतातच आणि त्याच सगळ्यात आधी चुगली करतात. त्या सरळ काढल्या की बोट चपटं दिसतं. त्यांचा बाक किती आणि कुठल्या दिशेला, हे अंदाजाने ठरवायची गरज नसते, फोटोतच ते लिहिलेलं असतं. या मुलीच्या अंगठीचा बाक मनगटाकडे फुगलेला होता, कारण बोटाचं टोक कॅमेऱ्याच्या जवळ होतं. त्या पेरावरच्या सगळ्या पट्ट्या अंगठीला समांतर गेल्या. पुढचं पेर मात्र खाली कललं होतं, जवळजवळ कॅमेऱ्यासमोर आडवं, म्हणून तिथल्या पट्ट्या सरळच राहिल्या. शेवटचं पेर आणखी खाली वळलेलं, तिथे बाक उलटून नखाकडे गेला. एकाच बोटावर तीन पेरांचे तीन बाक. अंगठी नसेल तर सांध्यावरच्या सुरकुत्या बघायच्या, मनगटासाठी चुडा बघायचा.

पुष्कळ जण हे सगळं `Displace` फिल्टरवर सोपवतात. मला ते पटत नाही. त्या फिल्टरला बोटाचा गोलवा कळत नाही, त्याला फक्त उजेड-अंधार कळतो. अगदी मधल्या, म्हणजे 128 च्या राखाडीवर तो काही हलवत नाही, त्याहून उजळ किंवा गडद असेल तिथे नक्षी सरकवतो. खिडकीचा उजेड एका बाजूने आला असेल, तर सावलीतली अख्खी नक्षी एकीकडे सरकते आणि गोलवा काही येत नाही. सांध्यावरच्या बारीक सुरकुत्यांसाठी मात्र तो चांगला. जाळीचं काम झालं की हाताची कृष्णधवल, किंचित धूसर केलेली प्रत देऊन तो दोन-तीनच्या आकड्यावर चालवते. रेषा सुरकुतीत जराशी थरथरते, तेवढंच हवं असतं.

रंगात एक गोष्ट हमखास चुकते. खऱ्या मेंदीच्या फोटोवरून रंग उचलायचा आणि लेयर `Multiply` करायचा, असं सर्रास करतात. मग मेंदी काळपट का येते? कारण त्या उचललेल्या रंगात कातडीचा रंग आधीच मिसळलेला असतो आणि `Multiply` तो पुन्हा गुणतो. समजा लाल, हिरवा, निळा या क्रमाने कातडी 200, 150, 120 आहे आणि रंगलेली मेंदी 130, 70, 45 दिसायला हवी. तोच रंग भरला तर निघतात 102, 41, 21, जळकट तपकिरी. त्याऐवजी हव्या असलेल्या आकड्याला कातडीच्या आकड्याने भागून 255 ने गुणायचं. उत्तर येतं 166, 119, 96. नुसता बघितला तर हा रंग फिकट मातकट वाटतो, पण हातावर पडला की बरोबर चढलेल्या मेंदीचा होतो.

तोही सगळीकडे एकच ठेवायचा नाही. मेंदीचा रंग कातडीच्या वरच्या मृत थरात मुरतो. तळहाताला तो थर जाड, म्हणून तिथे मेंदी गडद चढते, पंजाच्या मागे पातळ, म्हणून तिथे ती तांबूस राहते. या फोटोत बोटांची टोकं गडद ठेवली आणि मनगटाकडे रंग उतरवत नेला. रंग कातडीत मुरलेला असल्यामुळे कातडीची चकाकी मेंदीवरूनही दिसली पाहिजे. त्यासाठी `Blend If` मधल्या `Underlying Layer` चा उजवा बाण `Alt` दाबून दोन भागांत फोडते आणि अर्धा आत ओढते. मग उजळ ठिकाणी नक्षी थोडी विरते.

शेवटी चुडा, अंगठी आणि नखं मास्कने मोकळी करायची. करंगळी जरा फोकसबाहेर होती, तिच्यावरची नक्षी तेवढीच धूसर केली. धूसर बोटावरची धारदार रेषा अल्बमच्या मोठ्या पानावर लगेच पकडली जाते.

मेंदीवालीच्या जाहिरातीसाठी असं काम मागितलं तर मी नाही म्हणते, तिथे ते खोटं काम ठरतं. आणि ओंजळीत लाह्या धरलेला फोटो असेल तर दोन-तीन दिवस जास्त मागते. तिथे बोटं एकमेकांवर येतात, तळहाताच्या घडीत अर्धी नक्षी गडप व्हावी लागते, आणि ती कुठे गडप होते ते प्रत्येक घडीपाशी हातानेच ठरवावं लागतं.