अर्ध्या मार्काचा रकाना

जूनमध्ये बी.कॉम.च्या पेपर तपासणीसाठी मी खानापूरहून रोज बेळगावला जात होते. पावसानं बस उशिरा आली, तरी साडेनऊच्या आत सही करून गठ्ठा घ्यावा लागतो. पेपरवर मुलाचं नाव नसतं, फक्त कोड नंबर असतो. तपासून झालेला गठ्ठा सुतळीनं बांधून कस्टोडियनकडे दिला की तो आपला राहत नाही, मार्क भरायला पुढं जातो. बाहेरच्यांना हे माहीत नसतं म्हणून आधीच सांगितलं, कारण त्या दिवशीचं सगळं या सुतळीपाशी येऊन अडकलं.

पेपर होता इंड एएसचा, म्हणजे भारतीय लेखा मानकांचा. त्यात दोन मार्कांचा एक छोटा प्रश्न होता. चार बाबी दिलेल्या, प्रत्येकीला अर्धा मार्क, आणि ती बाब ओसीआयमध्ये, म्हणजे इतर सर्वसमावेशक उत्पन्नात दाखवायची की फक्त मालकी हिश्शातील बदलांच्या पत्रकात, एवढंच लिहायचं. पहिली बाब ग्रॅच्युइटीच्या दायित्वावरचा ॲक्च्युरिअल तोटा, दुसरी भागधारकांनी मंजूर केलेला लाभांश, तिसरी विकलेल्या जमिनीचं पुनर्मूल्यांकन आधिक्य रिटेन्ड अर्निंग्जमध्ये वर्ग, चौथी ओसीआयमार्फत वाजवी किमतीला धरलेल्या रोख्यांच्या किमतीतली वाढ. उत्तरांची स्कीम आम्हाला छापून दिली होती. पहिली ओसीआय, दुसरी पत्रक, तिसरी ओसीआयमध्ये वजा, चौथी ओसीआय.

सकाळी मी दोन गठ्ठे त्या स्कीमप्रमाणे तपासले. तिसऱ्या बाबीपुढं 'ओसीआय' दिसलं की अर्धा मार्क, 'पत्रक' दिसलं की काट. दीर्घ उदाहरणांत आकडा न आकडा बघणारी मी या प्रश्नावर दहा सेकंदही थांबत नव्हते. थिअरीच्या छोट्या प्रश्नाला आमच्यात कुणीच वेळ देत नाही. स्कीम करणाराही देत नाही. ही सवय वाईट आहे, आणि ती मलाही होती.

तिसऱ्या गठ्ठ्यात एक पेपर आला. मुलानं की मुलीनं, ते कळायचा मार्ग नाही, तिसऱ्या बाबीपुढं 'फक्त पत्रकात' असं लिहिलं होतं आणि समासात पेन्सिलीनं चिमुकला तक्ता काढला होता. तीन रकाने. पहिल्यात पुनर्मूल्यांकन आधिक्य, खाली कंसात, म्हणजे वजा, २५. दुसऱ्यात रिटेन्ड अर्निंग्ज, खाली २५. तिसऱ्यात एकूण, खाली शून्य. त्या शून्याभोवती दोनदा गोल केला होता. खाली इंग्रजीत एकच ओळ होती, तिचा अर्थ असा की उत्पन्न नाही, खर्च नाही, फक्त रकाना बदलला.

लाल पेन काट मारायला टेकवलं होतं. ते तसंच धरून मी बसले.

शिकवताना हेच मी फळ्यावर वर्षानुवर्षं सांगत आले आहे. कंपनीनं ४० लाखांना जमीन घेतली. पुढं तिचं पुनर्मूल्यांकन ६५ लाख झालं. वाढलेले २५ लाख नफ्यातोट्यात येत नाहीत, ओसीआयमध्ये येतात, आणि पत्रकात पुनर्मूल्यांकन आधिक्याच्या रकान्यात जाऊन बसतात. दुसऱ्या वर्षी ती जमीन ७० लाखांना विकली. कर बाजूला ठेवू. पुस्तकातून ६५ लाखांची जमीन गेली, ७० लाख रोख आले. कंपनीची मालकी, म्हणजे मालकांचा एकूण हिस्सा, त्या वर्षी फक्त ५ लाखांनी वाढली आणि ते ५ लाख नफ्यातोट्याच्या पत्रकात येतात. आधीचे २५ लाख मालकीतच आहेत, गेल्या वर्षीच मोजलेले. ते आता एका रकान्यातून उचलून रिटेन्ड अर्निंग्जमध्ये ठेवायचे, म्हणजे नेहमीच्या साठलेल्या नफ्यात मिसळायचे. पैशाची नवी आवक नाही, जावक नाही.

आता स्कीमप्रमाणे ते २५ लाख ओसीआयमध्ये वजा दाखवले तर काय होतं? त्या वर्षाचं एकूण सर्वसमावेशक उत्पन्न ५ वजा २५, म्हणजे उणे २० लाख. मालकी ५ लाखांनी वाढली आणि पत्रक सांगतं २० लाखांनी घटली. ताळा बसत नाही. मग तो बसवायला कुणीतरी तेच २५ लाख नफ्यातही धरतो. नफा ३०, ओसीआय उणे २५, बेरीज बरोबर ५. ही चूक जास्त वाईट, कारण बेरीज जुळल्यावर ती दिसेनाशी होते. गेल्या वर्षी वाचकाला सांगून झालेले २५ लाख यंदाची कमाई म्हणून पुन्हा पुढं येतात आणि प्रतिशेअर मिळकत फुगते. बाजारातल्या गाईडांत मी हे छापलेलं पाहिलं आहे.

स्कीम आणि तो पेपर घेऊन मी अध्यक्षांच्या टेबलाकडे गेले. अध्यक्ष कन्नड माध्यमातले, अनुभवी, माझ्याशी नेहमी मराठीतच बोलतात. त्यांच्यापुढं फोनवरच्या तक्रारींचा ढीग होता.

"मॅडम, अर्ध्या मार्कासाठी काय हे? इर्लि बिडी."

"सर, एक मिनिट बघा की. हे आपण चुकीचं कापतोय."

"ओसीआयमधून आलं ते ओसीआयमधूनच जाणार ना? रोख्यांचं तसंच होतं."

गोंधळ कुठून आला ते तिथं कळलं. रोख्यांचं खरंच तसं होतं. ओसीआयमार्फत मोजलेला रोखा विकला की तिथं साठलेला फायदा ओसीआयमधून वजा करून नफ्यातोट्यात आणतात, त्याला पुनर्वर्गीकरण म्हणतात. स्कीम करणाऱ्यानं चौथ्या बाबीचा नियम तिसरीला लावला होता. जमिनीच्या आधिक्याला पुनर्वर्गीकरण नाहीच. इंड एएस १ च्या परिच्छेद ९६ मध्ये ते लिहिलेलं आहे. मी मोबाइलवर काढून दाखवलं.

त्यांनी चष्मा पुसला, परिच्छेद वाचला आणि मला न सुचलेला प्रश्न विचारला. "बरं, नफ्यातोट्यात आणायचं नाही, हे कळलं. इंड एएस १६ चा परिच्छेद ४१ पण तेवढंच म्हणतो, नफ्यातोट्यामार्फत नको. ओसीआयमार्फत नको, असं कुठं म्हटलंय?"

प्रश्न चोख होता. परिच्छेद ४१ मध्ये रक्कम 'थेट' वर्ग करता येते असं आहे, पण ओसीआय हा शब्द घेऊन मनाई केलेली नाही. मी गप्प झाले. मग हातातल्या पेपराकडे बघितलं तर उत्तर समासातच होतं. ओसीआयची व्याख्याच अशी आहे की नफ्यातोट्यात न घेतलेली उत्पन्न आणि खर्चाची बाब. आधी ती बाब उत्पन्न किंवा खर्च असली पाहिजे, कुठल्या पत्रकात घालायची हा प्रश्न नंतरचा. आणि एकूण मालकी तसूभरही न हलता उत्पन्न कसं होईल? तिसऱ्या रकान्यात शून्य आलं की ओसीआयचा दरवाजा तिथंच बंद.

"सर, हे शून्य बघा," म्हणून मी पेपर त्यांच्यापुढं सरकवला.

ते बराच वेळ त्या तक्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हौद्री. पोरगं हुशार आहे."

याच शून्यावरून पूर्ण प्रश्न सुटतो, हे मला त्या क्षणी नीट दिसलं. आधी विचारायचं, एकूण मालकी हलली का? नाही हलली, आणि रोख्यांसारखं पुनर्वर्गीकरण मानकानं सांगितलेलं नसेल, तर ती बाब फक्त बदलांच्या पत्रकात. हलली असेल तर, मालकांशी मालक म्हणून झालेल्या व्यवहारानं हलली का? लाभांशानं मालकी घटते, पण तो मालकांना दिलेला हिस्सा आहे, खर्च नव्हे, म्हणून तोही पत्रकातच. नवे शेअर काढल्यावर आलेलं सिक्युरिटीज प्रीमियमही तसंच. हे दोन्ही नसेल, तरच ते उत्पन्न किंवा खर्च, आणि मग नफातोटा की ओसीआय हे त्या त्या मानकाकडे बघून ठरवायचं. ग्रॅच्युइटीचा ॲक्च्युरिअल तोटा इथं येतो. तो ओसीआयमध्ये जातो, पण पत्रकात त्याला वेगळा रकाना मिळत नाही. कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ प्रमाणे तो रिटेन्ड अर्निंग्जमध्येच धरून वेगळा उघड करायचा असतो. यावरूनही मुलं फसतात, रकाना रिटेन्ड अर्निंग्जचा दिसला की नफातोटा लिहून मोकळी होतात. मी मुलांना आजवर सात बाबींची यादी पाठ करायला लावत होते. समासात तक्ता काढणाऱ्यानं यादी पाठ केली नव्हती.

जेवणानंतर सुधारित स्कीम आली. तिसऱ्या बाबीपुढं हातानं लिहिलं होतं, 'पत्रक किंवा ओसीआय, दोन्ही धरावे.'

मी पुन्हा गेले. सर मवाळपणे म्हणाले की सकाळपासून तीन टेबलांचे गठ्ठे मार्क भरायला गेलेत, ते आता परत येणार नाहीत. ज्यांना 'ओसीआय'वर मार्क दिले ते काढता येत नाहीत, म्हणून निदान पुढच्यांना दोन्हीकडून द्या. माझे सकाळचे दोन गठ्ठे सुदैवानं कस्टोडियनच्या टेबलाखाली बांधलेले पडले होते. विनंती करून सुतळी सोडवून घेतली. त्यांत अकरा पेपरांत 'पत्रक' कापलेलं सापडलं. अकरा ठिकाणी खाडाखोड, बाजूला सही, बेरीज पुन्हा, पहिल्या पानावरचा आकडा पुन्हा. दोघांचे मार्क पासच्या सीमेवर होते, त्यातला एक त्या अर्ध्या मार्कानं पास झाला.

बाकी तीन टेबलांवर किती जण कापले गेले असतील, ते मला कधीच कळणार नाही. पेपरच्या पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो, पण दोन मार्कांतल्या अर्ध्यासाठी खानापूर-निपाणीकडचं पोर फी भरून अर्ज करत नाही. आणि 'दोन्ही धरावे' मला अजून पटलेलं नाही. अन्याय नको म्हणून सरांनी ते केलं, त्यांचा हेतू स्वच्छ होता. तरी त्या दिवसानंतर चुकीचं उत्तर आमच्या हातून बरोबर म्हणून शेकडो घरांत गेलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच पेपरात तिसऱ्या बाबीपुढं 'ओसीआय' होतं. स्कीमप्रमाणे अर्धा मार्क. उत्तरपत्रिकेवर शेरा लिहायची आम्हाला परवानगी नसते. समास कोरा होता. मी अर्धा मार्क लिहिला आणि पान उलटलं.