९८ टक्के अचूक, आणि दुखापत एकही सापडली नाही

"दुखापतीचा अंदाज देणारं मॉडेल ९८ टक्के बरोबर येतंय ना? मग सोमवारपासून वापरू या," फुटबॉल अकादमीचे मुख्य कोच बैठकीत म्हणाले. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्या आकड्याखालचा तक्ता त्यांनी बघायलाच हवा होता.

आमच्या नोंदींत एक ओळ म्हणजे एका खेळाडूचा एक आठवडा. त्यात सरावाचा भार, वय, आधीच्या दुखापती, आणि पुढच्या आठवड्यात स्नायू दुखावला की नाही. सराव किती जड गेला याला खेळाडू दहापैकी गुण देतो. त्याला मिनिटांनी गुणलं की भार मिळतो. जुन्या मोसमांवर रँडम फॉरेस्ट, म्हणजे प्रश्न विचारत नोंदींचे गट पाडणाऱ्या अनेक निर्णय-झाडांचं मॉडेल, शिकवून मी ते पुढच्या मोसमातल्या १,००० ओळींवर तपासलं होतं. त्यांत दुखापती होत्या २०. मॉडेलने सगळ्याच ओळींना 'सुरक्षित' म्हटलं. ९८० बरोबर आले, म्हणून ९८ टक्के. ज्या २० दुखापतींसाठी हा सगळा खटाटोप, त्यांतली एकही सापडली नव्हती.

"म्हणजे ते काहीच शिकलं नाही?" फिजिओताईंनी विचारलं. शिकलं होतं, आणि मला सांगायचं होतं ते हेच. प्रत्येक झाडाच्या टोकाच्या गटात किमान २० नोंदी राहतील असं मी ठरवलं होतं. मांडीच्या मागचा स्नायू आधी दुखावलेला, वय तिशीपुढे आणि भार अचानक वाढलेला, अशा सर्वांत धोक्याच्या गटातही बहुतेक आठवडे सुखरूपच जातात. त्यामुळे दुखापतीची शक्यता ०.५ च्या वर कधीच जात नाही, आणि नेहमीचा निर्णय तर ०.५ वरच होतो. पण निर्णयाऐवजी थेट शक्यता दाखवणारं `predict_proba` उघडलं की त्या खेळाडूंचे आकडे इतरांपेक्षा स्पष्ट वर दिसतात.

सरासरी धोका २ टक्के, म्हणून चौपटीवर, ०.०८ वर, इशारा द्यायचं ठरवून बघितलं. ९० ओळींवर इशारा आला, त्यांतल्या १२ खऱ्या दुखापती. आठ निसटल्या, ७८ इशारे फुकट गेले. अचूकता ९१.४ टक्क्यांवर घसरली, तरी माझ्या मते कामाचं मॉडेल हेच.

कोचना ७८ खटकले. खटकणारच, दर इशाऱ्याला खेळाडू बसवला तर संघ उभा करता येणार नाही. फिजिओताईंनी तोडगा काढला: इशारा आला की विश्रांती नाही, आधी तपासणी, आणि गरज वाटली तरच वेगाच्या धावा कमी. टक्कर होऊन झालेल्या दुखापती आम्ही मुळातच वगळल्या होत्या, कारण त्या या तीन गोष्टींतून कळत नाहीत.

एक अडचण मात्र नव्यानेच उभी राहते. इशारा आला, भार कमी केला आणि दुखापत झाली नाही, तर इशारा खोटा होता की उपाय लागू पडला? म्हणून आता इशाऱ्यानंतर काय बदललं याचा वेगळा रकाना भरतो. पुढच्या वेळी शिकवताना त्या ओळी साध्या 'सुरक्षित' ओळींत मिसळत नाही.