माझंच नाव माझ्याच अहवालातून खोडलं गेलं

इथे येऊन दीड वर्ष झालं. इतक्या दिवसांत मी एकदाही कामावरून रडवेली होऊन घरी आले नव्हते. त्या मंगळवारी आले. सकाळी आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज फसलं होतं, एकेचाळीस मिनिटं ग्राहकांना त्यांच्या ऑर्डर उघडत नव्हत्या, आणि डेटाबेसची रचना बदलणाऱ्या मायग्रेशनची कमांड माझ्या हातून गेली होती. रात्री बसून मी अहवाल लिहिला. इथे प्रत्येक फसलेल्या रिलीजनंतर तो लिहावाच लागतो, आणि जो त्या कामात होता त्यानेच लिहायचा असतो. मी पहिलंच वाक्य लिहिलं: ‘मायग्रेशन चालवण्याआधी मी जुन्या कोडचा विचार करायला हवा होता, ती चूक सर्वस्वी माझी आहे.’

मला वाटलं होतं, हा प्रामाणिकपणा आहे. चूक कबूल करायला आपल्याला कमीपणा वाटत नाही, हे या लोकांना दिसावं अशीही इच्छा होती. दुसऱ्या दिवशी अहवाल परत आला. टीम लीडने त्या वाक्यावर रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, ‘हे काढ. त्या क्षणी तुझ्यासमोर काय होतं ते लिही.’

मला रागच आला. दुसऱ्यावर दोष ढकलू नये हे समजू शकते, पण स्वतःवर घ्यायलाही बंदी? दोन दिवस मी त्याच रागात होते. आता तीन खर्डे आणि अकरा दिवसांनंतर ती रेघ का मारली गेली ते मला कळलंय, आणि तेच सविस्तर लिहायचंय.

आधी काय घडलं ते. ऑर्डरच्या टेबलमधल्या `phone` या कॉलमचं नाव बदलून `contact_phone` करायचं होतं. बदल दोन भागांत जातो: डेटाबेसवर मायग्रेशन, आणि बारा सर्व्हरवर नव्या कोडचं डिप्लॉय. सर्व्हर एकदम बदलत नाहीत. तीन-तीनचा गट चार-चार मिनिटांनी नव्या कोडवर येतो. मी 10:42 ला मायग्रेशन चालवलं. त्या क्षणी बाराही सर्व्हरवर जुना कोड होता, आणि तो अजून `phone` मागत होता. लॉगमध्ये हे दिसू लागलं:

```
ERROR: column "phone" does not exist
```

10:44 ला पहिला गट बदलायला लागला. 10:50 ला अलर्ट वाजला. 10:53 ला आम्ही रोलबॅक करायचं, म्हणजे जुन्या कोडवर परत जायचं ठरवलं. 11:05 ला रोलबॅक पूर्ण झाला, आणि तरीही ऑर्डर उघडणाऱ्या सगळ्या विनंत्या फसतच राहिल्या. कारण रोलबॅक फक्त कोड मागे नेतो, डेटाबेस नाही. 11:20 ला हे ध्यानात आलं आणि 11:23 ला एका ओळीने सगळं सुरळीत झालं:

```sql
ALTER TABLE orders RENAME COLUMN contact_phone TO phone;
```

आता यातली सगळ्यात टोचणारी गोष्ट. नव्या कोडवर आलेले सर्व्हर नीट चालत होते. आम्ही काहीच केलं नसतं, तर 11:00 वाजता बाराही सर्व्हर नव्या कोडवर आले असते आणि त्रास आपोआप थांबला असता. रोलबॅकने नीट झालेले सहा सर्व्हर पुन्हा बिघडवले आणि तेवीस मिनिटं वाढवली.

हे कळल्यावर मी दुसऱ्या खर्ड्यात लिहिलं, ‘टीमने घाई न करता सात मिनिटं थांबायला हवं होतं.’ तेही खोडलं गेलं. या वेळी मी वाद घालायला गेले. खरं आहे ना हे? मग लिहायचं का नाही?

लीडने 10:53 चा ग्राफ उघडून समोर ठेवला. ‘हा बघ आणि सांग, तू थांबली असतीस?’

त्या ग्राफवर फसलेल्या विनंत्यांचं प्रमाण शून्यावरून चढत चढत नव्वद टक्क्यांपर्यंत गेलेलं दिसत होतं. प्रत्यक्षात ते तोवर शंभरावरून पन्नासावर आलं होतं. मग ग्राफ उलटं का दाखवत होता? कारण तो मागच्या दहा मिनिटांची सरासरी दाखवतो. 10:42 ते 10:48 सगळ्या विनंत्या फसत होत्या, पुढची चार मिनिटं तीन चतुर्थांश. 10:52 ला ही सगळी दहा मिनिटं त्या सरासरीत होती, म्हणून रेघ नेमकी तेव्हा सगळ्यात वर होती. वर जाणारी रेघ आणि अर्ध्यावर असलेलं रिलीज, अशा वेळी रोलबॅक करणं हाच शहाणपणाचा निर्णय होता. आमच्या सूचनापत्रातही ‘अडचण आली तर आधी रोलबॅक’ असंच लिहिलंय.

‘थांबायला हवं होतं’ हे वाक्य लिहिलं असतं, तर अहवाल तिथेच संपला असता. घाई केली, पुढच्या वेळी घाई करू नका. ग्राफच्या सरासरीपर्यंत कोणी पोचलंच नसतं. तो ग्राफ तसाच राहिला असता आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला तरी फसवलं असतं.

तेव्हापासून मी माझ्या लिखाणात ‘हवं होतं’, ‘नको होतं’, ‘करता आलं असतं’ शोधते. हे शब्द न घडलेल्या गोष्टीबद्दल असतात आणि शेवट ठाऊक असलेल्या माणसाच्या तोंडचे असतात. त्या सकाळी शेवट कोणालाच ठाऊक नव्हता. असं प्रत्येक वाक्य काढून मी त्याजागी प्रश्न टाकला: तेव्हा ते करणंच बरोबर का वाटलं? माझ्या पहिल्या वाक्याला हा प्रश्न विचारला तेव्हा तीन गोष्टी निघाल्या. सूचनापत्रात ‘मायग्रेशन आधी, डिप्लॉय नंतर’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. नवा कॉलम वाढवताना ते अगदी बरोबर आहे, कारण जुन्या कोडला जास्तीच्या कॉलमशी देणंघेणं नसतं. नाव बदलताना मात्र तोच क्रम घातक ठरतो, आणि हा फरक कुठेच लिहिलेला नव्हता. स्टेजिंगवर, म्हणजे रिलीजआधी चाचणी घेतो तिथे, एकच सर्व्हर आहे, त्यामुळे जुना कोड आणि नवं टेबल समोरासमोर आल्याचं तिथे कधी दिसतच नाही. मी तिथे चार वेळा चालवून पाहिलं होतं, चारही वेळा नीट चाललं. आणि कोड रिव्ह्यूमध्ये दोन जणांनी मंजुरी दिली होती, पण मायग्रेशनची फाइल आणि डिप्लॉयचा क्रम एका पडद्यावर दिसत नाहीत.

यात मी स्वतःला सोडवून घेतेय असं कोणाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण या तीन गोष्टी खऱ्या आहेत, आणि ‘चूक सर्वस्वी माझी’ या वाक्याखाली तिन्ही झाकल्या गेल्या होत्या.

तिकडच्या माझ्या जुन्या ऑफिसात अशा वेळी एक तक्ता भरायचा असे. त्यात ‘मूळ कारण’ आणि ‘जबाबदार व्यक्ती’ असे रकाने शेजारी शेजारी होते. त्या लोकांबद्दल मी वाईट बोलणार नाही. रात्र रात्र जागून, एकमेकांच्या चुका सावरून घेणारी माणसं होती ती, आणि इथल्या कित्येकांपेक्षा त्यांचा डेटाबेसवर हात जास्त बसलेला होता. माझ्या पदरात जे काही आहे ते तिथलंच आहे. पण त्या रकान्यामुळे आम्ही सगळेच मोघम लिहायला शिकलो. ‘तांत्रिक अडचणीमुळे सेवा खंडित झाली.’ कोणाचंही नाव नाही, आणि कारणही नाही.

इथे मला मराठीत विचार करायची सवय आडवी आली. ‘माझ्याकडून चूक झाली’ किंवा ‘कमांड चालवली गेली’ अशी वाक्यं आपल्याला सहज सुचतात, आणि मला वाटलं की दोष न देणं म्हणजे अशीच वाक्यं लिहिणं. लीडने तीही परत पाठवली. कोणी केलं ते लिहायचं असतं, फक्त नावाऐवजी भूमिका: ‘डिप्लॉय करणाऱ्या इंजिनिअरने 10:42 ला मायग्रेशन चालवलं. तोवर स्टेजिंगवरच्या चारही चाचण्या यशस्वी झाल्या होत्या.’ कर्ता काढून टाकला, की त्या माणसाला काय दिसत होतं हेही वाक्यातून निघून जातं.

28 फेब्रुवारी 2017 ला ॲमेझॉनची एस-थ्री सेवा कोसळली होती, त्यांचं जाहीर निवेदन मी या निमित्ताने पुन्हा वाचलं. त्यात लिहिलंय की अधिकृत परवानगी असलेल्या टीममधल्या एकाने ठरलेल्या पद्धतीनुसार कमांड चालवली, तिच्यातली एक नोंद चुकीची गेली आणि हवे त्याहून जास्त सर्व्हर काढले गेले. नाव नाही, पण कृती लपवलेलीही नाही. पुढचा भर आहे तो साधनावर: इतके सर्व्हर इतक्या झटपट काढू देणारं ते साधन त्यांनी बदललं, आणि किमान मर्यादेच्या खाली जाऊ न देणारी अट घातली.

सहा जणांच्या आमच्या टीममध्ये ‘डिप्लॉय करणारा इंजिनिअर’ कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे, हेही मान्य केलं पाहिजे. भूमिकेने ओळख लपत नाही. आणि एखाद्याने जाणूनबुजून नियम मोडला असेल, तर तो विषय या अहवालाचा नाहीच, तो वेगळ्या दारात जातो. दोन्ही एकाच कागदावर आले, की पुढच्या वेळी कोणी खरी वेळ सांगणार नाही.

नावं येतात ती शेवटच्या भागात, पुढच्या कामांसमोर. तिथे मात्र भूमिका चालत नाही, माणूस आणि तारीख लागते. मी तिथे ‘नाव बदलताना काळजी घेणे’ असं लिहिलं होतं. तेही गेलं, कारण काळजी घेतली गेली की नाही हे कोणाला तपासता येत नाही. त्याजागी चार कामं आली. ग्राफ एका मिनिटाच्या सरासरीवर आणायचा. स्टेजिंगवर दुसरा सर्व्हर लावायचा. सूचनापत्रात नाव बदलण्याचा वेगळा क्रम लिहायचा. आणि कोड विलीन होण्याआधी अशी तपासणी, जी कॉलमचं नाव बदलणारं किंवा कॉलम काढणारं मायग्रेशन एका रिलीजमध्ये जाऊच देणार नाही. शेवटचं काम माझ्या नावावर आहे, मी ते मागून घेतलं.

ग्राफ आणि सूचनापत्र झालं. स्टेजिंगचा दुसरा सर्व्हर खर्चाच्या मंजुरीत अडकलाय, त्याची तारीख एकदा पुढे गेली. माझी तपासणी गेल्या सोमवारपासून चालू आहे. गुरुवारी तिने पहिलं मायग्रेशन अडवलं, ज्याला आधीच दोन जणांची मंजुरी मिळाली होती. आता तो बदल चार रिलीजमध्ये जाणार आहे: आधी नवा कॉलम वाढवून कोडने दोन्हीत लिहायचं आणि जुन्या नोंदी भरून घ्यायच्या, मग वाचन नव्यातून पण लेखन दोन्हीत, त्यानंतर लेखनही फक्त नव्यात, आणि जुन्याला कोणी हात लावत नाही हे लॉगमध्ये दिसल्यावरच तो काढायचा. पहिला टप्पा उद्या सकाळी आहे, आणि डिप्लॉय करणारी मीच आहे.